दहा वर्षांचा मुलगा वर्गात सगळ्यांत बुटका: एका आईचं पत्र आणि उंची तपासण्याची पूर्ण पद्धत

ओळख पटेल असे तपशील वगळून एका आईचं पत्र इथे देतो आहे.

"नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवीत शिकतो. पहिलीपासून प्रार्थनेच्या रांगेत तोच पुढे उभा असतो. यंदा तर वर्गातल्या मुलीही त्याच्यापेक्षा डोकंभर उंच झाल्यात. शाळेच्या आरोग्य कार्डावर गेल्या जूनमध्ये त्याची उंची १२४ लिहिली होती, या ऑगस्टमध्ये १२६. चौदा महिन्यांत फक्त दोन सेंटीमीटर! हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. जेवायला कटकट करतो, पण आजारी फारसा पडत नाही. माझी उंची पाच फुटांना थोडी कमी, ह्यांची पाच फूट पाच इंच. सासूबाई म्हणतात, याचा बापही असाच होता, कॉलेजात गेल्यावर वाढला. कुणी पावडर सुचवतं, कुणी सांगतं बारला लटकव, कुणी म्हणतं वाढीचं इंजेक्शन असतं. आपण उशीर तर करत नाही ना, ही भीती वाटते."

पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ रांगेची नाही, चौदा महिन्यांत दोन सेंटीमीटरची आहे. वर्गात सगळ्यांत बुटकं कुणीतरी असणारच. त्यातून पाचवीच्या एकाच वर्गात जवळजवळ वर्षाच्या अंतराची मुलं बसतात, आणि या वयात अनेक मुलींची वाढ मुलग्यांच्या आधी वेग घेते. त्यामुळे रांगेतल्या जागेवरून आजार ओळखता येत नाही. पण दहा वर्षांचं मूल वर्षाला दोनच सेंटीमीटर वाढत असेल, तर ते आजाराचं लक्षण असू शकतं आणि तपासायलाच हवं. म्हणून पहिलं काम हेच, की तो आकडा खरा आहे का ते बघायचं.

पायरी १: उंची नीट मोजा

मुलाला आणताना मी तीन गोष्टी सोबत मागवल्या: शाळेचं कार्ड, लसीकरणाची फाइल आणि वडील. लोक लसीकरणाची फाइल पाच वर्षांनंतर कपाटात टाकून विसरतात. पण तापाखोकल्याला आल्यावर बऱ्याच दवाखान्यांत वजन-उंची लिहून ठेवतात, आणि वाढीचा खरा हिशेब तिथेच सापडतो.

दवाखान्यात भिंतीला पक्क्या बसवलेल्या उंचीमापकावर तो १२६.० सेंटीमीटर भरला. आता जुने आकडे पाहू. चौदा महिन्यांपूर्वी शाळेत १२४ लिहिलं होतं. त्याच महिन्यात तो तापासाठी दवाखान्यात आला होता आणि फाइलमध्ये त्याच मापकावरची उंची होती १२०.५. एकाच मुलाची, एकाच महिन्यातली उंची, आणि फरक साडेतीन सेंटीमीटर. मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, शाळेत बूट काढायला लावले नव्हते आणि सगळे भिंतीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीपाशी उभे राहिले होते. बुटाची टाच दोन-अडीच सेंटीमीटर खाते, उरलेला फरक पट्टी थोडी खाली-वर लागल्याने सहज पडतो. या ऑगस्टमध्ये मात्र बूट काढून मोजलं होतं. ज्या दोन सेंटीमीटरनी आईची झोप उडवली, ती बुटासह आणि बुटाशिवाय घेतलेल्या दोन मापांची वजाबाकी होती.

घरी मोजायचं असेल तर अशी जागा निवडा जिथे भिंतीच्या तळाशी टाइल्सची पट्टी बाहेर आलेली नाही. ती पट्टी टाचा पुढे ढकलते आणि पाठ भिंतीला लागत नाही. दाराची सपाट चौकट त्यासाठी चांगली. फरशी सपाट हवी, सतरंजी नको. मूल अनवाणी, टाचा जोडलेल्या, गुडघे सरळ. टाचा, नितंब आणि खांदे मागे टेकलेले. डोकंही मागे टेकवा, पण हनुवटी वर उचलू देऊ नका: डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत आलं पाहिजे. बहुतेक मुलं उंच दिसायच्या नादात हनुवटी वर करतात, आणि त्याने माप उलट कमीच येतं. मग खोल श्वास घ्यायला सांगा आणि डोक्यावर गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक असं धरा की त्याची एक बाजू चौकटीला पूर्ण चिकटेल. नुसती पट्टी ठेवली तर ती तिरकी होते. बारीक पेन्सिलीने खूण करा, मुलाला बाजूला करा आणि स्टीलच्या टेपने जमिनीपासून मोजा. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते. असं तीनदा मोजा. तिन्ही मापं अर्ध्या सेंटीमीटरच्या आत आली तर मधलं धरा. नाहीतर पुन्हा मोजा.

मोजायची वेळही ठरलेली असू द्या. सकाळी उठल्यावर माणूस जास्त उंच असतो आणि दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळपर्यंत एखादा सेंटीमीटर कमी भरतो. एक माप सकाळचं आणि दुसरं रात्रीचं घेतलं तर हिशेब तिथेच बिघडतो.

पायरी २: वर्षाचा वेग काढा

एकाच मापकावरचे दोन आकडे आता हाती आहेत: १२०.५ आणि १२६.०. चौदा महिन्यांत साडेपाच सेंटीमीटर. साडेपाचला चौदाने भागा आणि बाराने गुणा, उत्तर येतं वर्षाला साधारण ४.७ सेंटीमीटर.

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. मुलग्यांमध्ये वयात येण्याआधीच्या काळात हा वेग थोडा मंदावतो आणि साडेचार-पाचवर येतो. ज्यांचं वयात येणं उशिरा असतं, त्यांच्यात ही मंदी जास्त काळ टिकते. म्हणून ४.७ हा आकडा निश्चिंत करणारा नसला तरी भीतीचाही नाही. वेग चारच्या खाली गेला तर मात्र मूल वर्गात कितव्या नंबरावर उभं आहे हे न बघता तपासण्या करायच्या. रांगेच्या मध्यावर उभं असलेलं मूलही वर्षाला तीनच सेंटीमीटर वाढत असेल तर ते आजारी असू शकतं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला खरी काळजी अशा मुलांची वाटते.

एक इशारा. दर महिन्याला मोजून वेग काढायला जाऊ नका. प्रत्येक मापात काही मिलिमीटरची चूक होतेच. तीन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या मापांत एका सेंटीमीटरची चूक राहिली, तर वर्षाच्या हिशेबात तिचे चार सेंटीमीटर होतात. दोन मापांत निदान सहा महिने हवेत, वर्ष असेल तर उत्तम.

पायरी ३: तक्त्यावर बिंदू मांडा, मग आई-वडिलांना मोजा

पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतात. ते तयार करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी अग्रभागी होते. त्यावर उंचीच्या सात वक्ररेषा असतात. सर्वांत खालची रेषा तिसऱ्या पर्सेंटाइलची, म्हणजे त्याच वयाच्या शंभर निरोगी मुलांपैकी साधारण तिघं तिच्या खाली असतात. खाली असणं म्हणजे आजार नव्हे, पण नीट तपासायला हवं एवढं नक्की.

या मुलाचा बिंदू सर्वांत खालच्या रेषेच्या किंचित वर पडला. फाइलमधले सहाव्या, सातव्या आणि नवव्या वर्षाचे बिंदूही मांडले. सगळे त्याच पट्ट्यात होते, दोन खालच्या रेषांच्या मधे. एक बिंदू वाईट असू शकतो, पण चार बिंदू आपल्या रेषेला धरून चालत असतील तर ते मूल आपल्या वाटेने वाढतंय. हेच बिंदू वरच्या रेषेवरून खालच्या रेषेवर उतरत आले असते, तर उंची आजही १२६ असूनही माझं मत वेगळं झालं असतं.

ही वाट घरातून आलेली आहे का, हे ठरवायला आई-वडील मोजावे लागतात. सांगितलेल्या उंचीवर विसंबू नका. इथे वडील पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सांगत होते, मापकावर १६२ भरले. आई १५०. मुलग्यासाठी हिशेब असा: दोघांची उंची मिळवा, त्यात १३ मिळवा आणि निम्मं करा.

(१६२ + १५० + १३) ÷ २ = १६२.५

मुलगी असेल तर १३ मिळवण्याऐवजी वजा करायचे. आलेला आकडा हा मध्य असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण आठ सेंटीमीटरची मुभा द्यावी लागते. म्हणजे या मुलाची मोठेपणीची अपेक्षित उंची साधारण १५४ ते १७० च्या दरम्यान. तक्त्याच्या उजव्या कडेला, अठराव्या वर्षाच्या रेषेवर १६२.५ चा बिंदू दिला तर तोही खालच्याच पट्ट्यात येतो. मूल जिथे चाललंय तिथेच घरचीही उंची आहे. वडील १७८ आणि आई १६५ असती, तर हेच १२६ सेंटीमीटर मला खटकलं असतं.

या हिशेबात एक धोका आहे. आई किंवा वडील स्वतः एखाद्या न ओळखलेल्या आजारामुळे बुटके असतील, तर "घराण्यातच आहे" म्हणून मुलाचा आजारही झाकला जातो. दोघांपैकी एक जण आपल्या भावंडांपेक्षा फारच बुटका असेल, किंवा हात-पाय धडाच्या मानाने आखूड असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पायरी ४: वजन, शरीराची ठेवण, जुना इतिहास

उंचीशेजारी वजन ठेवलं की बरंच कळतं. खाणं कमी पडत असेल किंवा आतड्याचा, किडनीचा, फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आधी वजन खाली येतं, उंची मागाहून. उलट थायरॉईड किंवा वाढीच्या हार्मोनची कमतरता असलेलं मूल बुटकं असतं, पण गुबगुबीत दिसतं. बुटकं आणि जाड होत चाललेलं मूल पाहून घरचे म्हणतात, खातापितं आहे, काळजी नाही. तिथे थायरॉईड तपासायलाच हवा. साधं आहारामुळे जाड झालेलं मूल सहसा उंचही असतं.

आमच्या मुलाचं वजन २४ किलो, उंचीच्या मानाने थोडं कमी पण शोभेलसं. जन्माचं वजन २.८ किलो. हे विचारणं जरुरीचं असतं, कारण अडीच किलोंहून कमी वजनाने, विशेषतः पूर्ण दिवस भरूनही लहान जन्मलेली काही मुलं चार वर्षांची होईपर्यंत भरून काढत नाहीत आणि पुढे बुटकी राहतात. दम्याचा पंप, स्टेरॉईडच्या गोळ्या, लक्ष लागत नाही म्हणून दिलेली औषधं यांबद्दलही विचारलं. दम्याच्या पंपातल्या स्टेरॉईडने उंचीत साधारण एखाद्या सेंटीमीटरचाच फरक पडतो. त्यासाठी पंप बंद करू नका, कारण नियंत्रणात नसलेला दमा स्वतःच वाढ रोखतो.

आणखी एक तपासणी आईने विचारली नव्हती, पण ती लागते: मुलगा वयात यायला लागला आहे का. मुलाला आधी समजावून, वडिलांच्या समोर, आडोशाला वृषणांचा आकार लहान-मोठ्या मण्यांच्या माळेशी ताडून पाहतात. चार मिलिलिटरच्या मण्याएवढा आकार झाला की वयात येणं सुरू झालं असं धरतात. इथे ते सुरू झालेलं नव्हतं. याचा अर्थ वाढीची मोठी उडी अजून पुढे आहे. मुलग्यांमध्ये ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी येते आणि त्या वर्षात नऊ-दहा सेंटीमीटरही वाढ होते.

सासूबाईंचं म्हणणं इथे कामाला आलं. वडिलांना विचारलं, दाढी कधी आली, पँट कधी आखूड व्हायला लागली? दहावीत ते वर्गात सर्वांत लहान दिसत होते, उंची बारावीत आणि नंतर वाढली. उशिरा वाढण्याची ठेव घरात असेल तर ती पुढे उतरते. पण वडिलांच्या सांगण्यावरून मुलाचा निकाल लावता येत नाही, म्हणून पुढची पायरी.

पायरी ५: एक एक्स-रे आणि मोजक्या रक्त तपासण्या

डाव्या हाताचा, मनगटासकट एक एक्स-रे काढतात. बोटांची आणि मनगटाची छोटी हाडं कोणत्या टप्प्यावर आहेत आणि टोकांच्या वाढीच्या चकत्या किती उघड्या आहेत, यावरून हाडांचं वय ठरवतात. मूल सव्वादहा वर्षांचं असेल आणि हाडं साडेआठची दिसत असतील, तर त्याच्याकडे वाढायला समवयस्कांपेक्षा जास्त काळ शिल्लक आहे. घराण्यातूनच बुटक्या असलेल्या मुलाचं हाडांचं वय मात्र खऱ्या वयाइतकंच येतं.

या मुलाचं हाडांचं वय साडेआठ आलं. वडिलांच्या इतिहासाशी ते जुळलं. मात्र थायरॉईड, सीलिअ‍ॅक आजार आणि वाढीच्या हार्मोनची कमतरता यांतही हाडांचं वय असंच मागे पडतं. म्हणून एक्स-रे पाहून "उशिरा वाढणारा आहे" असं सांगून मोकळं होऊ नये. वेग आणि रक्त तपासणी दोन्ही जुळायला हवीत.

त्याचा वेग पाचच्या किंचित खाली आणि जेवणाची कटकट, म्हणून हिमोग्राम, ईएसआर, क्रिएटिनिन, टी४ आणि टीएसएच, आणि टीटीजी एवढंच केलं. टीटीजी गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडवणाऱ्या सीलिअ‍ॅक आजारासाठी असते. हा आजार उत्तर भारतात जास्त दिसतो, पण आपल्याकडे नाही असं नाही, आणि कधी कधी जुलाब न होता फक्त उंची खुंटते. ही तपासणी करायच्या आधी गहू बंद करू नका, केला तर निकाल खोटा चांगला येतो. सोबत रक्तातलं आयजीए नावाचं प्रतिपिंड एकूण किती आहे तेही बघावं लागतं, ते कमी असेल तरी टीटीजी फसवते.

सगळं ठीक आलं, फक्त हिमोग्लोबिन १०.९. या वयात ते साडेअकराच्या वर हवं. जंताची गोळी आणि तीन महिने लोहाचं औषध दिलं. दूध आणि चहा औषधाच्या वेळेपासून लांब ठेवायला सांगितला. जेवणाची कटकट यानेच बरीच कमी होईल असा माझा अंदाज आहे, कारण रक्त कमी असलेल्या मुलाला भूकच लागत नाही.

वाढीच्या हार्मोनची साधी रक्त तपासणी, म्हणजे सकाळी सहज एकदा रक्त काढून केलेली, काही कामाची नाही. हे हार्मोन रक्तात ठोक्याठोक्याने येतं, गाढ झोपेत जास्त. दिवसा निरोगी मुलातही ते जवळजवळ शून्य दिसू शकतं. असा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले पालक मी नेहमी पाहतो. खरी तपासणी औषध देऊन, दर अर्ध्या तासाने रक्त घेऊन, बालहार्मोनतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते, आणि आधीच्या पायऱ्यांत संशय पक्का झाल्यावरच.

पावडर, बार आणि इंजेक्शन

पावडरने उंची वाढत नाही. डबा उघडून त्यावरची साखर वाचा, मग त्याच पैशात किती अंडी, शेंगदाणे, डाळ आणि दूध येतं त्याचा हिशेब करा. कमी खाणाऱ्या मुलाला सायंकाळी गोड पावडरचं दूध दिलं की रात्रीचं जेवण तो आणखी टाळतो. बारला लटकल्याने मणके थोडा वेळ ताणले जातात, हाडांची लांबी वाढत नाही. खेळ म्हणून लटकू दे. दहा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून अधिक झोप हवी, ती मात्र मोबाइल काढून घेऊन मिळवून द्या.

एका गोष्टीला ठाम नकार द्या. "उंचीची" म्हणून कुणी नाव न सांगता गोळ्या किंवा इंजेक्शनं देत असेल तर घेऊ नका. त्यात स्टेरॉईड किंवा पुरुषी हार्मोन असू शकतं. पुरुषी हार्मोनने काही महिने मूल भराभर वाढतं, घरचे खूश होतात, आणि हाडांच्या चकत्या वेळेआधी मिटून वाढ कायमची थांबते.

वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन हे खरं औषध आहे. ज्यांच्यात ते हार्मोनच कमी आहे, टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्राचा जन्मजात दोष असलेल्या मुली, लहान जन्मून भरून न काढलेली मुलं, किडनीचा जुना आजार, अशांना त्याचा खरा उपयोग होतो. ते सहसा रोज रात्री, वर्षानुवर्षं, चामडीखाली घ्यावं लागतं, महाग असतं आणि हाडांच्या चकत्या उघड्या असेपर्यंतच काम करतं. म्हणून संशय खरा असलेल्या मुलात उशीर नको, ही त्या आईची भीती रास्त होती. या मुलाला मात्र आज त्याची गरज नाही.

पुढे काय

फाइलवर लिहून दिलं आहे: सहा महिन्यांनी त्याच मापकावर, सकाळच्या वेळी उंची आणि वजन. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन. वर्षाचा वेग चारच्या खाली गेला किंवा बिंदू खालच्या रेषेखाली उतरला, तर थेट बालहार्मोनतज्ज्ञांकडे. मधेच सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलट्या, दिसायला कमी येणं, अचानक खूप तहान आणि लघवी, न थांबणारे जुलाब किंवा वजन घटणं, यांपैकी काही दिसलं तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात यायचं. मेंदूच्या तळाशी असलेली गाठही आधी अशीच वाढ रोखते.

आणि चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची सुरुवात दिसली नाही, तर पुन्हा तपासणी. तेव्हा काही मुलांना थोड्या महिन्यांसाठी, मोजक्या मात्रेत टेस्टोस्टेरॉन देऊन ती सुरुवात घडवता येते. ते तज्ज्ञांनी, हाडांचं वय पुन्हा पाहून ठरवायचं असतं. चौदाच्या आधी या मुलाला त्याची गरज पडायचं कारण मला दिसत नाही.